चाईवरील जॅक इनहिबिटर गोळ्या

चाई या आजारात शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात आणि डोक्यावर, दाढीत किंवा भुवयांत गोल, गुळगुळीत चट्टे पडतात. रुपयाएवढ्या एक-दोन चट्ट्यांना इंजेक्शन किंवा मलम बहुधा पुरते. पण निम्म्याहून अधिक डोके रिकामे झाले की हे उपाय तोकडे पडतात आणि जॅक इनहिबिटर गोळ्यांचा विचार सुरू होतो. हल्ला करणाऱ्या पेशी आणि केसांची मुळे यांच्यात इंटरफेरॉन गॅमासारखे संदेश ज्या जॅक विकरांमार्फत पोहोचतात, त्यांना ही गोळी आवर घालते. केसांचे मूळ मेलेले नसते, दबलेले असते. हल्ला थांबला की ते पुन्हा केस उगवू शकते.

या वर्गातील बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून 2022 मध्ये प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली, तर 2023 मध्ये रिटलेसिटिनिबला 12 वर्षांपासून पुढच्या वयासाठी. टोफासिटिनिब हे मूळचे संधिवाताचे औषध आहे. चाईसाठी त्याची अधिकृत मान्यता नसली तरी ते स्वस्त पडते म्हणून आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ ते बरेच देतात. आपल्याला नेमके कोणते औषध लिहून दिले आहे आणि ते मान्यताप्राप्त वापरासाठी आहे की नाही, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

किती केस गेले हे सॉल्ट या गुणांकाने मोजतात. त्यात डोक्याच्या माथ्याला 40, मागच्या भागाला 24 आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी 18 टक्के वाटा असतो. नमुन्यादाखल कोपरखैरणेतील 32 वर्षांची एक कल्पित रुग्ण घेऊ. तिचा माथा 80 टक्के रिकामा म्हणजे 32 गुण, मागचा भाग 75 टक्के म्हणजे 18, दोन्ही बाजू निम्म्या म्हणजे 9 अधिक 9. बेरीज 68. गुणांक 50 किंवा अधिक असला की आजार तीव्र मानतात. हल्लीचा झटका दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला असेल तर ती आशेची बाजू आहे, कारण दहा-दहा वर्षे पूर्ण टक्कल असलेल्यांना या गोळ्यांचा गुण बराच कमी येतो.

गुण किती येतो? बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज 4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे 36 ते 39 टक्के लोकांचा गुणांक 36 आठवड्यांनी 20 किंवा त्याखाली आला, म्हणजे डोक्याचा किमान 80 टक्के भाग केसांनी भरला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 3 ते 6 टक्केच होते. म्हणजे गुण खरा आहे, पण तेवढ्या काळात निम्म्याहून अधिक लोक त्या पातळीला पोचले नाहीत, हेही तितकेच खरे. पहिले दोन-तीन महिने आरशात काही दिसले नाही म्हणून गोळी सोडणे घाईचे ठरते.

ठाणे-नवी मुंबईत या औषधाबाबत सर्वांत काळजीपूर्वक पाहायची गोष्ट म्हणजे क्षयरोग. दाटीच्या चाळी, भरलेल्या लोकल, एका खोलीत चार-पाच माणसे. क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात काही त्रास न देता निपचित पडून असतात आणि त्यांना दाबून ठेवणारी प्रतिकारशक्तीच ही गोळी सैल करते. म्हणून पहिल्या गोळीआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू ही त्वचेवरची चाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी व्हायलाच हवी. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे रुग्णाने विचारायची वाट न पाहता सांगावे. त्याच वेळी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीही तपासतात.

आपल्या रुग्णाची इग्रा पॉझिटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला-ताप-वजन घटणे काही नाही. हा सुप्त क्षय. त्याने जॅक गोळीचा मार्ग बंद होत नाही, पण क्रम बदलतो. आधी प्रतिबंधक उपचार सुरू करायचा आणि साधारण महिनाभराने जॅक गोळी. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. इथे एक बारकावा सुटतो. प्रतिबंधक उपचारात रिफॅम्पिसिन किंवा त्याच्या जातीचे रिफापेन्टिन असेल तर टोफासिटिनिब शरीरातून फार वेगाने बाहेर पडते आणि गोळी घेऊनही गुण येत नाही. म्हणून टोफासिटिनिब द्यायचे असल्यास सहा महिने आयसोनियाझिड हा पर्याय सोयीचा. पण आयसोनियाझिड यकृताला त्रास देऊ शकते आणि जॅक गोळीनेही एसजीपीटी वाढू शकते, त्यामुळे या रुग्णाची यकृत चाचणी इतरांपेक्षा लवकर आणि वारंवार करावी लागते. टीबीचे डॉक्टर आणि त्वचेचे डॉक्टर वेगळे असतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायचे काम रुग्णालाच करावे लागते. ते चुकवू नये.

दुसरा नेहमीचा संसर्ग म्हणजे नागीण: अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पट्ट्यात फोड येतात. फोड दिसताच डॉक्टर गाठावा. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस दोन डोसांची आहे आणि ती शक्यतो गोळीआधी घ्यावी. जिवंत विषाणूंच्या लशी गोळी चालू असताना घेत नाहीत. पावसाळ्यात ताप आला की तो डेंग्यू, मलेरिया की लेप्टो हे ठरेपर्यंत गोळी थांबवावी का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. तापाचे प्रमाण आणि शरीरातला दाह दाखवणारा सीआरपी हा रक्तातला आकडा या औषधाने कमी दिसू शकतात, म्हणून ‘ताप फार नाही’ हा दिलासा धरू नये.

सुरुवातीला हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृत, क्रिएटिनिन आणि लिपिड तपासतात. एक-दोन महिन्यांनी पुन्हा, मग साधारण दर तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल 1000 किंवा लिम्फोसाइट 500 च्या खाली असतील तर गोळी सुरू करत नाहीत, नंतर तेवढे घसरले तर थांबवतात. हिमोग्लोबिनही थोडे उतरू शकते. मासिक पाळीमुळे आधीच कमी असणाऱ्या स्त्रियांत ते मुद्दाम पाहावे. कोलेस्टेरॉल वाढले तरी गोळी लगेच बंद करायची गरज नसते, पण आकडा नोंदवून त्यावर उपाय करावा लागतो. संधिवाताच्या पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत टोफासिटिनिबने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि काही कर्करोग अधिक आढळले. म्हणून धूम्रपान करणाऱ्यांनी आणि पूर्वी पायात गुठळी झालेल्यांनी हे लपवू नये. गरोदरपण ठरवायचे असेल तर आधीच सांगावे. त्या काळात या गोळ्या चालत नाहीत.

खर्चाचा हिशेब महिन्याचा न मांडता वर्षाचा मांडावा. कारण गोळी बंद केल्यावर चाई बहुतेकांत परत येते. बॅरिसिटिनिबच्या चाचणीत गुण आलेल्यांची गोळी थांबवली, तेव्हा वर्षभरात सुमारे 80 टक्के लोकांचा गुण गेला. समजा आपल्या रुग्णाला टोफासिटिनिबची गोळी 25 रुपयांना मिळते आणि दिवसाला दोन लागतात. महिन्याला 1,500, वर्षाला 18,000. वर्षातून चार वेळा 2,000 रुपयांच्या तपासण्या धरल्या तर आणखी 8,000. कंपनीगणिक भाव खूप बदलतो, म्हणून ठाण्याच्या किंवा वाशीच्या दोन-तीन दुकानांत त्याच घटकाच्या, त्याच मिलिग्रॅमच्या स्ट्रिपचा प्रति गोळी दर विचारावा. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना कळवून. पैसे वाचवायला मनानेच एक दिवसाआड गोळी घेतली तर मिळालेले केसही जातात आणि औषध निकामी होते की डोस अपुरा पडतो, हे कळेनासे होते. आरोग्य विमा बहुधा रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतो, बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्यांचा नाही. पॉलिसीतील ते कलम पहिली स्ट्रिप घेण्याआधी वाचावे. आणि नऊ-दहा महिने नीट डोस घेऊनही डोके भरत नसेल, तर चालू ठेवायचे की थांबवायचे हे डॉक्टरांसोबत बसून, सुरुवातीचे आणि आजचे फोटो शेजारी ठेवून ठरवावे.