दोन वॉशरमधली जागा

एम-१० बोल्टच्या वॉशरचा बाहेरचा व्यास २० मिमी, भोक १०.५ मिमी आणि जाडी २ मिमी. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने कापणाऱ्या साच्यात, पत्र्याची पट्टी आधी पिअर्सिंग पंचखाली येते आणि तिला भोक पडतं. मग ती एक पिच, म्हणजे एका चकतीच्या मध्यापासून पुढच्या चकतीच्या मध्यापर्यंतचं अंतर, पुढे सरकते आणि ब्लँकिंग पंच भोकासकट चकती कापून खाली पाडतो. पिच किती ठेवायची आणि पट्टी किती रुंद घ्यायची, हे चकत्यांभोवती राहणाऱ्या पत्र्यावरून ठरतं.

दोन चकत्यांमधल्या पत्र्याला ब्रिज म्हणतात. साधारण ०.८ ते ३.२ मिमी पत्र्यासाठी ब्रिज जाडीइतका धरतात. त्याहून पातळ पत्र्याला किमान ०.८ मिमी ठेवतात, कारण नाहीतर पट्टीला सरकण्याइतका ताठपणा उरत नाही. आपला ब्रिज २ मिमी, म्हणजे पिच २२. कडेच्या मार्जिनसाठी जाडीत व्यासाच्या दीड टक्का मिळवतात: २ + ०.३ = २.३ मिमी. दोन्ही कडा धरून रुंदी २४.६ मिमी.

मार्जिनचं माप जाडीवरून का? पंच दाबला की पत्रा लगेच तुटत नाही. आधी कडेजवळचा धातू दबतो आणि ताणला जातो, मग चीर पडते. पत्रा जाड असेल तसा हा दबणारा पट्टाही रुंद होतो. ब्रिज फार बारीक असेल तर तो पंचाबरोबर डायच्या फटीत ओढला जातो. पंच एका बाजूला ढकलला जातो, तिकडची धार लवकर बोथट होते. चकतीच्या एकाच बाजूला जास्त बर, म्हणजे कापलेल्या कडेचा खरखरीत उंचवटा, दिसू लागली, तर उरलेल्या जाळीतले ब्रिज वाकलेत का ते आधी बघावं. पण दोष फीडचाही, म्हणजे पट्टी नेमकी एक पिच न सरकल्याचाही असू शकतो. म्हणून पट्टी अडवणारा स्टॉपर किंचित पुढे बसवतात. मग पायलट पिन आधी पाडलेल्या भोकात शिरून पट्टी मागे ओढते आणि जागेवर आणते.

आता २५०० × १२५० मिमीचा पत्रा घेऊ. २४.६ मिमीच्या ५० पट्ट्या निघतात आणि थोडा पत्रा उरतो. रुंदी सरळ २५ केली तरी पट्ट्या ५०च! कडेला थोडं जास्त मार्जिन फुकटात मिळालं. प्रत्येक पट्टीत ११३ वॉशर, एकूण ५,६५०. कुणी ‘सेफ असू दे’ म्हणून सगळीकडे ३ मिमी सोडले, तर रुंदी २६, पिच २३. पट्ट्या ४८, प्रत्येकी १०८ वॉशर, म्हणजे ५,१८४. पत्रा तोच, वॉशर ४६६ कमी. शॉपमध्ये ही जास्तीची सावधगिरी मला अनेकदा खटकते.

काटेकोर मार्जिन ठेवूनही पट्टीचा जेमतेम ४२ टक्के भाग वॉशर होतो. गोलांमधले कोपरे आणि मधली भोकं भंगारात जातात. चकत्या दोन तिरक्या रांगांत बसवल्या, की रांगांमधलं अंतर पिचच्या ०.८६६ पट, म्हणजे १९.०५ मिमी पुरतं. रुंदी ४३.६५ होते आणि वापर ४७ टक्क्यांवर जातो. मात्र दोन्ही ब्लँकिंग पंच शेजारी बसवले तर डायमधली भिंत जेमतेम २ मिमीची राहते आणि ती फुटू शकते. म्हणून दुसरा पंच दोन-तीन पिच पुढे सरकवतात. डाय लांबते आणि महागही पडते.