आरएसआय ३० आणि खालचा बँड: दोन साक्षीदार की एकाच घरातले दोघे?

आरएसआय तिसाच्या खाली आलाय, भावही बोलिंजरच्या खालच्या बँडबाहेर बंद झालाय, म्हणजे दोन वेगळ्या इंडिकेटरनी एकच कौल दिलाय, आता घ्यायला हरकत नाही. या हिशोबाने केलेल्या खरेद्या मी पुष्कळ पाहिल्यात, आणि स्वतः केल्याही आहेत. हिशोबात खोट अशी की दोन्ही आकडे एकाच कच्च्या मालातून, रोजच्या बंद भावातून निघतात. एकाच घरातल्या दोघांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून तिला दोन साक्षी होत नाहीत. तरीही दोघे नेहमी एकच बोलतात असंही नाही, आणि ते कुठे वेगळं बोलतात हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. गेल्या १४ दिवसांत भाव जितका चढला त्याची बेरीज करा, जितका उतरला त्याची वेगळी बेरीज करा, आणि एकूण हालचालीत चढाचा वाटा किती टक्के ते काढा. सोप्या रूपात आरएसआय म्हणजे एवढंच. वाइल्डर यांची मूळ पद्धत जुन्या दिवसांचा परिणाम हळूहळू ओसरू देते, त्यामुळे चार्टवरचा आकडा थोडा वेगळा दिसतो. खाली मी साधी बेरीजच वापरली आहे, म्हणजे कुणालाही कागदावर पडताळता येईल.

जॉन बोलिंजर यांचे बँड १९८० च्या दशकातले. त्यांचा प्रश्न निराळा आहे. २० दिवसांची सरासरी काढायची, भाव तिच्याभोवती किती विखुरलाय ते प्रमाण विचलनाने मोजायचं, आणि सरासरीच्या वर-खाली दोन विचलनांवर रेषा ओढायच्या. इथे मोजपट्टी त्या शेअरच्याच चंचलपणातून तयार होते. शेअर शांत असेल तर पट्टी आखूड, उधळलेला असेल तर लांब.

आता एक काल्पनिक शेअर घ्या. तो १२० वरून रोज बरोबर एक रुपया उतरत विसाव्या दिवशी १०१ वर बंद होतो. गेल्या १४ दिवसांत चढ शून्य, म्हणून आरएसआय शून्य. याहून ‘ओव्हरसोल्ड’, म्हणजे प्रमाणाबाहेर विकलं गेलेलं, काही असूच शकत नाही. पण २० दिवसांची सरासरी ११०.५ आहे, दोन विचलनं मिळून साधारण ११.५, म्हणजे खालचा बँड ९९ ला. भाव बँडच्या आत आहे, आणि हीच संथ उतरण चालू राहिली तर तो बँडला कधी शिवणारही नाही.

उलट एखादा शेअर रोज १०० आणि १०१ यांच्यात आलटून पालटून बंद होत होता, आणि विसाव्या दिवशी १०१ वरून थेट ९८ वर आपटला. खालचा बँड ९८.९ ला आहे, भाव त्याच्याही खाली. आरएसआय मात्र ४४, कारण आधीच्या तेरा दिवसांत सात चढ झालेत आणि ते अजून हिशोबात आहेत.

म्हणजे आरएसआयला संततधार दिसते, बँडला अचानकचा दणका दिसतो. सरासरीकडे परत येण्याच्या भरवशावर एन्ट्री घेणाऱ्याला माझ्या मते दुसऱ्या प्रकाराकडे पाहायला हवं. शांत, आडव्या बाजारात कुणाला तरी घाईने मोठा माल विकायचा असतो, समोर पुरेसे घेणारे नसतात, भाव खाली सरकतो. त्या वेळी घेणाऱ्याला जो फायदा मिळतो तो त्या घाईचा मोबदला असतो. संततधारेत असा घाईचा विक्रेता नसतो. तिथे बाजार रोज थोडं थोडं मत बदलत असतो.

मग दोन्ही अटी एकत्र लावल्या तर जास्त सुरक्षित नाही का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण दोन्ही एकाच दिवशी पुऱ्या होतात त्या बहुतेकदा धार आधीच लागलेली असते आणि वर दणका बसतो तेव्हा, म्हणजे पडझडीचा वेग वाढत असतो तेव्हा. अशी पडझड कधी संपायला आलेली असते, कधी नुकती सुरू झालेली असते. अटी जोडल्याने संधी कमी होतात, पण या दोहोंतला फरक काही कळत नाही.

२८ फेब्रुवारी २०२० चा निफ्टी घ्या. बंद भाव ११,२०२. त्या दिवशीची २० दिवसांची सरासरी ११,९३४, खालचा बँड ११,४४१. भाव बँडच्या जवळजवळ २४० अंक खाली, आणि १४ दिवसांचा आरएसआय २०. पुस्तकी नियमाने खरेदी. समजा कुणी निफ्टीचा ईटीएफ घेतला आणि ठरवलं की भाव मधल्या रेषेच्या, म्हणजे २० दिवसांच्या सरासरीच्या, वर बंद झाला की विकायचा.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. सकाळी दहा टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार पाऊण तास थांबलेही होते. त्या संध्याकाळचे दोन्ही आकडे मी काढले. आरएसआय १९. आणि खालचा बँड ७,६८६, म्हणजे भाव बँडच्या फक्त ७६ अंक खाली.

महिन्याभरात ३२ टक्के घसरण, आणि आरएसआय २० चा १९. कारण आरएसआय हे गुणोत्तर आहे. रोज शंभर अंक पडले काय किंवा पाचशे, चढ-उताराचं प्रमाण तेच राहिलं तर आकडाही तोच राहतो. बँडचं तर त्याहून विचित्र. २८ फेब्रुवारीला भाव सरासरीपासून जवळपास तीन विचलनं दूर होता; २३ मार्चला जेमतेम २.१. बँडच्या पट्टीने मोजलं तर फेब्रुवारीतला निफ्टी जास्त ‘स्वस्त’ होता! मधल्या काळात पट्टीच पाचपट लांब झाली होती. सरासरीपासून बँडपर्यंतचं अंतर ४९३ अंकांवरून २,६०४ वर गेलं. शिवाय आजचा भाव त्याच वीस दिवसांत मोजला जातो, त्यामुळे मोठी पडझड स्वतःच बँडला खाली ओढून घेते.

या उदाहरणातला खरा धडा मला ९ एप्रिलला सापडतो. त्या दिवशी निफ्टी २८ फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा आपल्या २० दिवसांच्या सरासरीच्या वर बंद झाला. भाव सरासरीकडे परत आला, नियमाप्रमाणे विक्री झाली. भाव होता ९,११२, आणि तोवर सरासरी उतरून ८,७२७ वर आली होती. खरेदी ११,२०२ ची. कल्पना खरी ठरली आणि जवळजवळ १९ टक्के तोटा झाला. भावाला वर चढायची गरजच पडली नाही, सरासरी उतरून त्याला भेटायला आली.

ही युक्ती कुठे मोडते ते इथे दिसतं. मधली रेषा खुंटीसारखी जागेवर आहे असं आपण धरून चालतो. आडव्या बाजारात ती बऱ्यापैकी असतेही. पण पडझडीचं कारण कुणाची घाई नसून किमतीबद्दलचं मतच बदलणारी बातमी असेल, तर वीस दिवसांची सरासरी म्हणजे कालबाह्य झालेल्या मताची सरासरी. एकेका शेअरच्या बाबतीत हे आणखी जहाल होतं. निर्देशांकाला निदान पन्नास कंपन्यांचा टेकू असतो, एकट्या कंपनीचा भाव परत येण्याचं बंधन कुणावर नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत उतरत राहिला. त्या वाटेवर आरएसआय तिसाखाली कितीदा गेला असेल ते चार्ट उघडून मोजा.

२८ फेब्रुवारीला हे आधी ओळखता आलं असतं का? मधल्या रेषेचा उतार पाहा असं नेहमी सांगतात, पण त्या दिवशी तो फारसा बोलत नव्हता. २० फेब्रुवारीला सरासरी १२,०४३ होती, २८ ला ११,९३४. घसरण एक टक्काही नाही. जास्त सांगत होता तो वरचा बँड. २० तारखेला वरचा बँड १२,३१० ला होता. नंतरच्या पाचही सत्रांत भाव पडला आणि वरचा बँड मात्र चढून १२,४२८ वर गेला. भाव खाली चाललाय आणि वरची रेषा वर चाललीय, म्हणजे बँड दोन्ही अंगांनी उघडतायत. एका दिवसाच्या दणक्यानेही बँड उघडतात, तेव्हा एकट्या दिवसावरून काही ठरवू नये. पण भाव सलग चार-पाच दिवस खालच्या कडेला चिकटून आहे आणि बँड फाकतच चाललेत, तर मी हात आखडता घेतो. शांत बाजार एका बाजूला थोडा कलंडलाय, असं मानायला तिथे आधार उरत नाही.

दुसरी खूण खरेदीनंतरची. घाईचा विक्रेता निघून गेला की भाव सहसा लवकर सावरतो. २८ फेब्रुवारीनंतर पाच सत्रांत निफ्टीचा बंद भाव जास्तीत जास्त ११,३०३ पर्यंत गेला आणि ६ मार्चला तो १०,९८९ वर होता. आठवडा गेला, मिळालं काही नाही. त्या दिवशी बाहेर पडणाऱ्याचा तोटा १.९ टक्के होता. आणखी पाच सत्रं थांबणाऱ्याचा जवळजवळ १८ टक्के. पाच हा आकडा मी निकाल हाती असताना निवडलाय हे उघड आहे, त्यात जादू नाही. पण भावावरच्या स्टॉपलॉसइतकाच दिवसांचा स्टॉपलॉसही हवा, हे मला अशाच व्यवहारांनी शिकवलं. आणि प्रत्येक नव्या सिग्नलला आणखी खरेदी करून ॲव्हरेज करायचं असेल तर एवढं लक्षात असू द्या, की ११,२०२ ला आणि ७,६१० ला सिग्नल अगदी सारखाच दिसत होता.

हल्ली एन्ट्री घेताना मी त्या दिवशीच्या मधल्या रेषेचा आकडा वहीत लिहून ठेवतो. लक्ष्य तो लिहिलेला आकडा, सरकती रेषा नाही. यामुळे जुन्या भावांवर नियम तपासून पाहण्याचं बॅकटेस्टही बदलतं. ‘मधली रेषा ओलांडली की बाहेर’ हा नियम घातलेल्या माझ्या जुन्या शीटमध्ये फेब्रुवारी २०२० च्या त्या ओळीत बाहेर पडण्याचं कारण ‘सरासरी गाठली’ असं लिहिलंय, आणि शेजारच्या रकान्यात उणे १८.७.