उंची किती घटल्यावर हाडांची घनता तपासावी: पात्रता, कागदपत्रे आणि तपासणीची प्रक्रिया

उतारवयात उंची थोडी कमी होतेच. मणक्यांमधल्या गाद्या वाळतात, पाठीला बाक येतो, आणि ऐन तारुण्यातल्या उंचीशी तुलना केली तर सत्तरीपर्यंत पुरुषांची सरासरी सुमारे ३ सेंटीमीटर आणि स्त्रियांची सुमारे ५ सेंटीमीटर उंची कमी झालेली असते, असे दीर्घकाळ चाललेल्या मोजमापांतून दिसले आहे. त्यामुळे नुसती उंची घटली म्हणजे हाडे ठिसूळ झाली असा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र याच घटीमागे कधीकधी दबलेला मणका असतो. मणक्याच्या अशा अस्थिभंगांपैकी सुमारे दोनतृतीयांश अस्थिभंग वेळीच लक्षात येत नाहीत, कारण दुखणे सौम्य असते किंवा ‘कंबर धरली’ म्हणून सोडून दिले जाते. म्हणून घट एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तपासणी करावी, असा संकेत आहे.

पात्रता: दोन वेगळ्या मर्यादा

तुलना कोणत्या उंचीशी केली आहे, यावर मर्यादा अवलंबून असते. तारुण्यातल्या, म्हणजे साधारण विशीतल्या सर्वाधिक उंचीशी तुलना केली असेल, तर ४ सेंटीमीटर (सुमारे दीड इंच) किंवा त्याहून अधिक घट महत्त्वाची मानली जाते. वैद्यकीय तपासणीत प्रत्यक्ष मोजून लिहिलेल्या मागच्या उंचीशी आजच्या मोजमापाची तुलना केली असेल, तर २ सेंटीमीटरची घटही पुरेशी ठरते. पहिली मर्यादा सैल ठेवण्याचे कारण असे की विशीतली उंची बहुधा आठवणीतून सांगितली जाते आणि मधल्या काळातली नैसर्गिक घटही तिच्यात धरलेली असते. कॅनडातल्या मार्गदर्शक सूचनांनी तर आठवणीतल्या उंचीसाठी ६ सेंटीमीटरची मर्यादा धरली होती. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर ४ सेंटीमीटरचा आकडा वापरतात, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करणे योग्य आहे.

हे निकष प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांना लागू होतात. स्त्रियांनी ६५ वर्षांनंतर आणि पुरुषांनी ७० वर्षांनंतर घनता एकदा तपासून घ्यावी, अशी शिफारस अनेक मार्गदर्शक सूचनांत आहे आणि तिथे उंचीची अट नाही. त्या वयाच्या व्यक्तीने ‘माझी उंची घटलेली नाही’ म्हणून तपासणी टाळू नये. उंचीच्या निकषाचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो: या वयाच्या अलीकडे असलेल्यांची तपासणी लवकर करण्यासाठी, आणि कोणत्याही वयात घनतेबरोबर मणक्याची प्रतिमा काढायची की नाही हे ठरवण्यासाठी. दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच राहून जातो.

कागदपत्रे: जुनी उंची सिद्ध कशी करायची

वयाचा पुरावा, जुने एक्स-रे, चालू औषधांची यादी आणि पूर्वी घनता तपासली असल्यास तो अहवाल ही नेहमीची कागदपत्रे आहेत. औषधांच्या यादीत प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड ठळकपणे लिहावे, कारण ते तीन महिन्यांहून अधिक काळ घेतले असेल तर तेवढ्यानेही तपासणीची गरज निर्माण होते. खरी अडचण जुन्या उंचीच्या पुराव्याची असते.

निवृत्त शासकीय कर्मचारी, जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि लिपिक यांच्याकडे यासाठी सहसा लक्षात न येणारा चांगला पुरावा असतो. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख आणि ओळखीच्या खुणा यांच्याबरोबर उंचीचा रकाना असतो आणि ती पादत्राणांशिवाय मोजून लिहिणे अपेक्षित असते. दुय्यम सेवापुस्तक घरी असेल तर त्या पानाची छायाप्रत पुरते. पोलीस आणि सैन्यदलातल्या भरतीच्या नोंदी त्याहूनही विश्वासार्ह असतात, कारण तिथे उंची ही निवडीचीच अट असते. विम्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीची किंवा बाळंतपणाच्या जुन्या केस पेपरवरची नोंदही चालते. लग्नासाठी छापलेल्या परिचयपत्रातली उंची मात्र पुरावा म्हणून धरू नये. तिथे अर्धा-एक इंच वधूवरांच्या सोयीने वाढलेला असतो.

यांपैकी काहीच नसेल, तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. तरुणपणी ते साधारण उंचीएवढे असते आणि वयाने फारसे बदलत नाही. हा केवळ अंदाज आहे. माणसामाणसात त्यात काही सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून एवढ्यावरून ४ सेंटीमीटरचा निर्णय करू नये.

जुनी नोंद फूट-इंचात असेल तर एकूण इंचांना २.५४ने गुणून सेंटीमीटर काढावेत.

आजची उंची मोजण्याची पद्धत

इथली चूक पुढच्या सगळ्या निर्णयांत उतरते. दिवसभराच्या वावराने मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि सकाळच्या तुलनेत संध्याकाळची उंची साधारण एक सेंटीमीटरने, काहींची त्याहून थोडी जास्त, कमी भरते. मागची नोंद सकाळची आणि आजची संध्याकाळची असेल, तर २ सेंटीमीटरच्या मर्यादेचा निम्मा भाग हाडांशी संबंध नसताना भरून निघतो. म्हणून दोन्ही मोजमापे शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी घ्यावीत.

दवाखान्यात भिंतीला बसवलेली उंचीमापक पट्टी वापरावी. वजनकाट्याला जोडलेली सरकती दांडी बहुधा ढिली झालेली असते. चपला काढाव्यात, अंबाडा सोडावा, टोपी उतरवावी. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकवावेत, नजर समोर ठेवावी, खोल श्वास घ्यावा आणि डोक्यावर सपाट फळी काटकोनात टेकवून आकडा वाचावा. प्रत्येक वेळी व्यक्तीला पट्टीपासून दूर व्हायला सांगून पुन्हा उभे करावे आणि अशा तीन मोजमापांची सरासरी घ्यावी. संधिवाताने गुडघे पूर्ण सरळ होत नसतील तर उंची त्यामुळेही कमी भरते. तशी टीप आकड्याशेजारी लिहावी.

डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतच नसेल, किंवा खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांमध्ये दोन बोटांहून कमी जागा उरली असेल, तर मणका दबल्याचा संशय वाढतो. फळीवरचा डबा पूर्वीसारखा हाताला न लागणे किंवा जुना परकर जमिनीवर लोळू लागणे, हीदेखील सांगण्याजोगी लक्षणे आहेत.

अर्ज, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी

घनतेच्या तपासणीला डेक्सा म्हणतात. शासकीय रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाचा केस पेपर काढून अस्थिरोग किंवा औषधवैद्यक विभागात दाखवावे; खासगी केंद्रातही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच जावे. शिबिरांत टाचेवर जेल लावून ध्वनिलहरींनी केली जाणारी तपासणी म्हणजे डेक्सा नव्हे आणि तिच्यावरून निदान करता येत नाही.

चिठ्ठीवर नुसते ‘डेक्सा’ लिहिलेले असेल तर डॉक्टरांना तिथेच विनंती करावी. मजकूर साधारण असा असावा: ‘वय ६८, स्त्री. सेवापुस्तकानुसार उंची १५७.५ सेंमी, आज १५२.४ सेंमी, घट ५.१ सेंमी. कंबर आणि खुब्याचा डेक्सा, तसेच पाठीच्या व कमरेच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे करावा.’ डेक्सा यंत्रावरच मणक्यांची बाजूची प्रतिमा काढण्याची सोय असेल, तर एक्स-रेऐवजी ती चालते. तिला व्हीएफए म्हणतात.

तपासणीच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नये, कारण न विरघळलेली गोळी कमरेच्या मणक्यांवर दिसू शकते. बेरियम किंवा रंगद्रव्य देऊन केलेली तपासणी नुकतीच झाली असेल तर केंद्राला आधी कळवावे. ते साधारण दोन आठवड्यांनंतरची तारीख देतात. किरणोत्सर्ग अगदी अल्प असतो आणि टेबलावर दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे लागते.

एक उदाहरण, आणि अहवाल कुठे फसवतो

वरच्या चिठ्ठीतल्या निवृत्त शिक्षिकेचेच उदाहरण पुढे नेऊ. सेवापुस्तकात ५ फूट २ इंच, म्हणजे ६२ इंच, म्हणजे १५७.५ सेंटीमीटर. दोन वर्षांपूर्वी वैद्यकीय तपासणीत सकाळी मोजलेली उंची १५४.७ होती. आजची तीन मोजमापे १५२.३, १५२.६ आणि १५२.३, सरासरी १५२.४. तारुण्यापासूनची घट ५.१ आणि दोन वर्षांतली २.३. दोन्ही मर्यादा ओलांडल्या आहेत.

डेक्साच्या अहवालात टी-स्कोअर असतो, म्हणजे आपल्या हाडांची घनता निरोगी तरुणांच्या सरासरीपासून किती दूर आहे हे सांगणारा आकडा. तो उणे १पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांदरम्यान हाडे विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. समजा, या बाईंच्या खुब्याचा स्कोअर उणे २.२ आला आणि कमरेच्या चार मणक्यांचा एकत्रित उणे १.८. एवढेच वाचले तर ‘हाडे थोडी विरळ आहेत, कॅल्शियम घ्या’ असे सांगून प्रकरण मिटते.

आतल्या पानावर मात्र प्रत्येक मणक्याचा स्वतंत्र आकडा असतो. दुसरा, तिसरा आणि चौथा मणका उणे २.३ ते उणे २च्या आसपास, आणि पहिला एकदम उणे ०.६. म्हणजे तो मणका बळकट निघाला असे नाही. डेक्सा हाडातले खनिज त्याच्या क्षेत्रफळाने भागतो. दबलेल्या मणक्यात तेच खनिज कमी जागेत कोंबलेले असते, त्यामुळे भागाकार फुगतो. शेजारच्या मणक्याशी टी-स्कोअरमध्ये १पेक्षा जास्त फरक असेल तर तो मणका सरासरीतून वगळतात. झिजेमुळे वाढलेली हाडे आणि महाधमनीतला चुना यांमुळेही कमरेचा आकडा असाच फसवा चांगला येतो.

बाजूच्या एक्स-रेत त्या पहिल्या मणक्याची पुढची उंची सुमारे ३० टक्के कमी दिसली, तर तो मध्यम स्वरूपाचा पाचरीसारखा अस्थिभंग आहे (२५ ते ४० टक्के घट या श्रेणीत येते). मोठा अपघात झालेला नसताना मणका असा दबला असेल आणि दुसरे कारण आढळले नाही, तर टी-स्कोअर उणे २.५पर्यंत गेलेला नसतानाही ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते आणि उपचारांचा निर्णय त्यानुसार बदलतो. दुसरे कारण वगळण्यासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि गरज वाटल्यास मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठीच्या रक्ततपासण्या केल्या जातात.

एक्स-रेत मणके शाबूत दिसले आणि खुब्याचा आकडाही चांगला असेल, तर घट गाद्यांची किंवा पाठीच्या बाकाची समजावी आणि उंची दरवर्षी त्याच पट्टीवर मोजून नोंदवावी. डेक्सा पुन्हा करायचा झाल्यास शक्यतो त्याच यंत्रावर करावा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

बादली उचलताना किंवा खोकताना पाठीत अचानक तीव्र कळ आली, पायांत अशक्तपणा जाणवला, लघवीवरचे नियंत्रण गेले किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर उंची मोजण्यात आणि डेक्साच्या तारखेची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून मणक्याची प्रतिमा काढून घ्यावी.