‘बोथ... नॉट’ आणि ‘नायदर... नॉर’: इंग्रजी वाक्यात नेमका फरक कुठे पडतो

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘राजू आणि मीना दोघंही आले नाहीत.’ अर्थ स्पष्ट आहे, दोघांपैकी कोणीही आलं नाही. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की तयार होतं:

बोथ राजू अँड मीना डिड नॉट कम.

इंग्रजी वाचणाऱ्याला इथे दोन अर्थ दिसू शकतात. एक म्हणजे दोघंही आले नाहीत. दुसरा म्हणजे दोघंच्या दोघं आले नाहीत, त्यांच्यापैकी एकच आलं. मराठीतल्या ‘दोघंही... नाही’ या रचनेत अशी शंका उरत नाही, म्हणून मराठीत विचार करणाऱ्याला या वाक्यात काही बिघडलंय हे लवकर जाणवत नाही. दोघांनाही नकार द्यायचा असेल तर इंग्रजीत त्यासाठी वेगळी जोडी आहे:

नायदर राजू नॉर मीना केम.

इथे ‘डिड नॉट’ नको. नकार ‘नायदर’मध्येच आलेला आहे, त्यामुळे ‘नायदर राजू नॉर मीना डिड नॉट कम’ असं लिहिलं की एकाच वाक्यात दोनदा नकार होतो आणि प्रमाण इंग्रजीत ते चूक धरलं जातं. आपलं ‘ना राजू आला ना मीना’ हे वाक्य आठवलं तर गाडी रुळावर येते, कारण त्यातही ‘ना’नंतर पुन्हा ‘नाही’ लागत नाही. म्हणजे ‘नायदर’ लिहिताना मनात ‘ना... ना’ची रचना धरावी, ‘दोघंही... नाही’ची नव्हे.

‘नॉट’ ठेवायचाच असेल तर त्याच्यासोबत ‘आयदर... ऑर’ चालतं. ‘ही डिड नॉट इनव्हाइट आयदर राजू ऑर मीना’ आणि ‘ही इनव्हायटेड नायदर राजू नॉर मीना’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच. एकात नकार ‘नॉट’ने दिला, दुसऱ्यात ‘नायदर’ने. वाक्य लिहून झालं की त्यात नकार किती वेळा आला ते मोजावं. एकदाच यायला हवा. (उच्चार ‘आयदर’ की ‘ईदर’, याची काळजी नको, दोन्ही प्रचलित आहेत.)

आता क्रियापदाकडे येऊ. ‘बोथ... अँड’ सोपं आहे. ते दोन कर्त्यांची बेरीज करतं आणि दोघांबद्दल एकत्र सांगतं, म्हणून क्रियापद कायम अनेकवचनी. ‘बोथ द हेडमास्टर अँड द क्लर्क आर इन द ऑफिस.’ दोघांपैकी प्रत्येक जण एकटाच असला तरी इथे ‘इज’ येणार नाही.

‘आयदर... ऑर’ आणि ‘नायदर... नॉर’ बेरीज करत नाहीत. त्यांत दोन कर्ते वेगवेगळे उभे राहतात आणि क्रियापद त्यांना एकेकटं लागू होतं. दोन्ही कर्ते एकवचनी असतील तर क्रियापदही एकवचनी राहतं:

नायदर द हेडमास्टर नॉर द क्लर्क वॉज इन द ऑफिस.

सर्वांत जास्त घसरण इथेच होते. दोन माणसांची नावं डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे हात आपोआप ‘वेअर’ लिहितो. बोलीभाषेत मूळ इंग्रजी भाषकांच्या तोंडूनही हे ‘वेअर’ ऐकू येतं, पण औपचारिक लेखनात आणि परीक्षेच्या कागदावर ‘वॉज’च अपेक्षित असतं.

एक कर्ता एकवचनी आणि दुसरा अनेकवचनी असेल तर? इथे बेरीज नसल्यामुळे दोघांचं मिळून एक वचन ठरवता येत नाही. म्हणून क्रियापद त्याच्या सर्वांत जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं:

नायदर द हेडमास्टर नॉर द क्लर्क्स वेअर इन द ऑफिस.
नायदर द क्लर्क्स नॉर द हेडमास्टर वॉज इन द ऑफिस.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात क्रियापदाला लागून ‘क्लर्क्स’ आहे, दुसऱ्यात ‘हेडमास्टर’. मराठी कानाला हा नियम परका नाही. आपण ‘ना राजू ना त्याच्या बहिणी आल्या’ असं म्हणतो, ‘आला’ म्हणत नाही, कारण क्रियापदाच्या शेजारी बहिणी आहेत. तरीही मिश्र जोडी आली की अनेकवचनी कर्ता दुसऱ्या जागी ठेवणं बरं. पहिलं वाक्य सरळ वाटतं. दुसऱ्यात ‘क्लर्क्स’नंतर येणारं ‘वॉज’ नियमाने बरोबर असूनही वाचताना अडखळायला होतं. परीक्षेत ‘नायदरने वाक्ये जोडा’ असा प्रश्न आला तर मात्र दिलेल्या वाक्यांचा क्रम बदलू नये. पहिल्या वाक्यातला कर्ता पहिला ठेवावा आणि क्रियापद दुसऱ्याप्रमाणे ठरवावं.

प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद पुढे सरकतं आणि मग पहिला कर्ता त्याच्या जवळ येतो: ‘इज आयदर द हेडमास्टर ऑर द क्लर्क्स इन द ऑफिस?’ नियम तोच आहे, फक्त शेजारी बदलला.

सर्वनामांतही हाच नियम चालतो. ‘नायदर यू नॉर आय ॲम लेट’ हे नियमाप्रमाणे बरोबर आहे, पण ते कोणालाही कृत्रिम वाटतं. अशा वेळी वाक्याची बांधणीच बदलावी: ‘यू आर नॉट लेट, अँड नायदर ॲम आय.’ नियम पाळूनही वाक्य विचित्र वाटत असेल तर ते मोडून पुन्हा बांधणं केव्हाही चांगलं.

‘बोथ... अँड’सारखा दिसणारा, पण तसा न वागणारा एक शब्दसमूह आहे, ‘ॲज वेल ॲज’. ‘द हेडमास्टर, ॲज वेल ॲज द क्लर्क्स, वॉज इन द ऑफिस’ या वाक्यात ‘क्लर्क्स’ स्वल्पविरामांमधली जोड म्हणून आले आहेत. मूळ कर्ता हेडमास्टरच, म्हणून ‘वॉज’. याच कारणाने ‘बोथ द हेडमास्टर ॲज वेल ॲज द क्लर्क्स’ ही जोडी जुळत नाही. ‘बोथ’चा जोडीदार ‘अँड’, ‘आयदर’चा ‘ऑर’, ‘नायदर’चा ‘नॉर’. ‘नायदर... ऑर’ लिहिलेलं अनेक ठिकाणी दिसतं, तेही टाळावं.

वचनापेक्षाही जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे जोडीच्या दोन्ही बाजूंचा तोल. ‘नायदर’नंतर ज्या प्रकारचा शब्द आला, त्याच प्रकारचा शब्द ‘नॉर’नंतरही यायला हवा: नामापुढे नाम, क्रियापदापुढे क्रियापद, पूर्ण वाक्यापुढे पूर्ण वाक्य. हे वाक्य पाहा:

ही नायदर लाइक्स टी नॉर कॉफी.

‘नायदर’नंतर लगेच ‘लाइक्स’ हे क्रियापद आहे, ‘नॉर’नंतर ‘कॉफी’ हे नाम. तोल गेला. दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. दोन्हीकडे नामच हवं असेल तर ‘नायदर’ पुढे सरकवा: ‘ही लाइक्स नायदर टी नॉर कॉफी.’ किंवा ‘नॉर’नंतरही क्रियापद द्या: ‘ही नायदर लाइक्स टी नॉर ड्रिंक्स कॉफी.’ पहिली दुरुस्ती बहुतेक वेळा पुरते, आणि तिच्यात नवा शब्दही घालावा लागत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. जोडीचे दोन शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या लगेच पुढच्या शब्दाखाली रेघ मारा. रेघ मारलेले दोन शब्द एकाच जातीचे आहेत का ते पाहा. शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत ही रेघ फार उपयोगी पडते. ‘शी स्पीक्स बोथ इन हिंदी अँड इंग्लिश’ या वाक्यात ‘बोथ’पुढे ‘इन’ आहे, ‘अँड’पुढे ‘इंग्लिश’. म्हणून एकतर ‘इन बोथ हिंदी अँड इंग्लिश’ किंवा ‘बोथ इन हिंदी अँड इन इंग्लिश’. ‘इन’ बाहेर गेलं तर एकदाच, आत आलं तर दोनदा.

पूर्ण वाक्यं जोडताना हीच अडचण ‘आयदर’मध्ये येते. ‘यू आयदर पे द फी ऑर यू लीव्ह द हॉल’ यात ‘ऑर’नंतर कर्त्यासह पूर्ण वाक्य आहे, पण ‘आयदर’नंतर फक्त क्रियापद. ‘आयदर’ अगदी सुरुवातीला न्या, काम झालं: ‘आयदर यू पे द फी ऑर यू लीव्ह द हॉल.’ ‘नायदर’ मात्र वाक्याच्या सुरुवातीला नेला आणि त्याच्यामागे पूर्ण वाक्य आलं, तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘नायदर डिड ही राइट नॉर डिड ही कॉल.’ ही रचना बरोबर असली तरी भारदस्त वाटते. रोजच्या लेखनात ‘ही नायदर रोट नॉर कॉल्ड’ पुरेसं आहे.

तिन्ही जोड्या एकाच वाक्यात आल्या तर काय होतं ते एका सूचनेवरून पाहू. माहिती अशी: बसला उशीर झाला, ट्रेनलाही झाला. त्यामुळे प्राचार्य हॉलवर नव्हते, विद्यार्थीही नव्हते. हॉल रोज दहा वाजता पहारेकरी उघडतात, नाहीतर क्लर्क उघडतो. वाक्य:

बोथ द बस अँड द ट्रेन वेअर लेट, सो नायदर द प्रिन्सिपल नॉर द स्टुडंट्स वेअर ॲट द हॉल, विच आयदर द गार्ड्स ऑर द क्लर्क ओपन्स ॲट टेन.

पहिल्या ‘वेअर’चं कारण बेरीज आहे: बस आणि ट्रेन मिळून दोन. दुसऱ्या ‘वेअर’चं कारण शेजार: ‘स्टुडंट्स’ क्रियापदाला लागून आहेत. शब्द तोच, कारण वेगळं. हे कळतं विद्यार्थ्यांच्या जागी ‘द टीचर’ ठेवल्यावर. दुसरं ‘वेअर’ लगेच ‘वॉज’ होतं, पहिल्याला काही होत नाही. ‘ओपन्स’मधला ‘एस’ क्लर्कमुळे आला. क्रम उलटा करून ‘आयदर द क्लर्क ऑर द गार्ड्स’ केलं की तो जातो आणि ‘ओपन’ उरतं. आता रेघा मारून पाहा: ‘बोथ’, ‘अँड’, ‘नायदर’, ‘नॉर’, ‘आयदर’, ‘ऑर’ या सहाही शब्दांपुढे ‘द’ आणि नाम आहे. एखाद्या जोडीत एका बाजूचं ‘द’ गाळलं तर तेवढ्यानेही तोल ढळतो, म्हणून ‘द’ दोन्हीकडे ठेवावं किंवा दोन्हीकडून काढावं.