संगणक अचानक बंद पडतो तेव्हा नोंदवहीत काय उरतं

आमच्या गल्लीत डीटीपी आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथला विंडोज संगणक दिवसातून एकदा-दोनदा न सांगता रिस्टार्ट व्हायचा. व्हायरस असेल म्हणून दोनदा फॉरमॅट मारून झाला होता, रॅमही बदलली होती. दुकानवाल्या काकांनी मला बोलावलं, तेव्हा मी आधी विंडोजची नोंदवही उघडली. विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबायची, `eventvwr.msc` लिहायचं आणि डावीकडे Windows Logs मधलं System निवडायचं. तिथे हजारो नोंदी असतात. त्यामुळे उजवीकडच्या Filter Current Log मध्ये जाऊन क्रमांकांच्या चौकटीत एवढंच टाकलं:

```
41,1074,1001,6006,6008
```

लाल खुणेची 41 क्रमांकाची नोंद लगेच दिसली. तिचा स्रोत Kernel-Power. हे नाव वाचून बरेच जण 'पॉवर सप्लाय गेला' असं ठरवून मोकळे होतात. पण ही नोंद संगणक बंद पडताना लिहिलेलीच नसते. वीज गेलेला संगणक लिहिणार कसा? विंडोज पुन्हा सुरू होते, मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो हे तिच्या लक्षात येतं, आणि मग ती 41 लिहिते. म्हणजे तिच्यापुढची वेळ पुन्हा सुरू होण्याची असते. बंद पडण्याची वेळ 6008 मध्ये मिळते. विंडोज चालू असताना थोड्या थोड्या वेळाने 'मी जिवंत आहे' अशी वेळ टिपून ठेवते आणि त्यातली शेवटची वेळ 6008 सांगते. तिच्यात थोडा फरक असू शकतो, पण शोध तिथूनच मागे न्यायचा.

मग पाहायचं, काय लिहिलेलं नाही. संगणक रीतसर बंद झाला तर सहसा 6006 येते. अपडेटने, एखाद्या प्रोग्रॅमने किंवा माणसाने बंद किंवा रिस्टार्ट करवला असेल तर 1074 येते आणि तिच्यात कोणी करवला त्याचं नावही असतं. काकांकडे रिस्टार्टच्या आधी या दोन्ही नव्हत्या. म्हणजे विंडोजला बंद व्हायची सूचनाच मिळाली नव्हती.

आता 41 वर दोनदा क्लिक करून Details उघडायचं. तिथे `BugcheckCode` नावाची ओळ असते. निळा पडदा येऊन विंडोज कोसळली असेल, तर सहसा इथे शून्याखेरीज दुसरा आकडा दिसतो. तो दशमान पद्धतीत असतो, म्हणून 159 दिसलं तर शोधताना `0x9F` लिहायचं. हाच कोड बहुधा 1001 च्या नोंदीतही सापडतो. अशा वेळी ड्रायव्हरवर संशय घेणं रास्त. खाली `PowerButtonTimestamp` असतं. संगणक गोठल्यावर कोणी बटण दाबून धरलं असेल, तर इथे बहुधा मोठा आकडा येतो.

काकांच्या सगळ्या 41 मध्ये दोन्ही ठिकाणी शून्य होतं आणि 1001 एकही नव्हती. इथे नोंदवहीची मर्यादा येते. दोन शून्यांचा अर्थ एवढाच, की विंडोजला काही लिहायची सवडच मिळाली नाही. भिंतीतली वीज गेली, यूपीएसने दगा दिला, आतला पॉवर सप्लाय बसला की संगणक जागच्या जागी गोठून रिसेट झाला, यांतला फरक ती सांगू शकत नाही. शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी डिस्कवर पोचण्याआधीच हरवलेल्या असू शकतात.

म्हणून मी 6008 मधल्या वेळा कागदावर उतरवल्या आणि काकांची बिलवही मागितली. 11:42, 4:17, 11:08. प्रत्येक वेळेच्या आसपास प्रिंटआउटचं बिल होतं, आणि तेही बराच वेळ प्रिंटर पडून राहिल्यानंतरचं पहिलं. टेबलाखाली वाकून पाहिलं, तर लेझर प्रिंटर आणि संगणक एकाच छोट्या यूपीएसवर, आणि तो यूपीएस लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डावर.

लेझर प्रिंटर झोपेतून उठला, की टोनरची पूड कागदावर पक्की करणारा त्याचा हीटर एकदम भरपूर वीज ओढतो. बारीक वायरमध्ये तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो, यूपीएसला वाटतं वीज गेली आणि तो बॅटरीवर जातो. आता बॅटरीची परीक्षा घ्यायची होती. संगणक आणि प्रिंटर काढून यूपीएसला १०० वॅटचा बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दहा सेकंदांत बल्ब विझला.

काकांनी त्याच दिवशी बॅटरी बदलली आणि प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर घेतला. तीन आठवड्यांनी मी तोच फिल्टर पुन्हा लावला. रोज रात्रीच्या 1074 आणि 6006 होत्या, अपडेटची आणखी एक 1074 होती. त्या दिवसानंतरची 41 एकही नव्हती.