पथदर्शी चाचणी आणि यशाचे पूर्वनिश्चित निकष

एखाद्या योजनेत पूर्ण भांडवल गुंतवण्याआधी ती मर्यादित जागी व मर्यादित काळ प्रत्यक्ष राबवून पाहणे आणि तिला पुढे न्यायचे की नाही याचा निर्णय घेणे, या पद्धतीला पथदर्शी चाचणी (पायलट) म्हणतात. ज्या आकड्यावर योजना मंजूर व्हायची आणि ज्या आकड्यावर ती सोडून द्यायची, ते दोन्ही आकडे चाचणीपूर्वी लिहून ठेवलेले असणे हे या पद्धतीचे मुख्य लक्षण आहे. असे आकडे नसतील तर त्या उपक्रमाला लहान प्रमाणावरची सुरुवात म्हणता येईल, पण चाचणी म्हणता येणार नाही. कारण निकाल हाती आल्यावर निकष ठरवायला बसले की जवळजवळ कोणताही निकाल समाधानकारक वाटू शकतो. वैद्यकीय संशोधनात ही अपेक्षा नियमबद्ध झाली आहे. चिकित्सा चाचण्यांच्या अहवालांसाठी असलेल्या ‘कन्सॉर्ट’ मार्गदर्शिकेला 2016 मध्ये पथदर्शी चाचण्यांची स्वतंत्र पुरवणी जोडण्यात आली आणि पुढची मोठी चाचणी करावी की नाही हे ठरवण्याचे निकष आधी निश्चित केले असल्यास ते अहवालात द्यावेत, असे तीत नमूद आहे.

निकष कोठून आणायचा, हा या पद्धतीतील सर्वांत कठीण भाग आहे. ‘चांगला प्रतिसाद’ किंवा ‘लक्षणीय सुधारणा’ असे शब्द निकष होऊ शकत नाहीत. निकषाचा उगम पूर्ण योजनेच्या जमाखर्चात असतो, आणि एका काल्पनिक उदाहरणावरून ते स्पष्ट होईल. एका रुग्णालय समूहाचे 60 बाह्यरुग्ण विभाग असून तेथे वर्षाला 3,00,000 भेटींच्या वेळा दिल्या जातात. त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा रुग्ण न आल्यामुळे वाया जातो. भेटीच्या आदल्या दिवशी प्रत्येक रुग्णाला आठवणीचा फोन करण्याची योजना पुढे येते. सर्व विभागांसाठी लागणारे कर्मचारी आणि यंत्रणा यांचा वार्षिक खर्च 9,000 भेटींपासून मिळणाऱ्या उत्पन्नाइतका आहे. म्हणजे दर 100 भेटींमागे किमान 3 भेटी वाचल्या तरच खर्च भरून निघतो. हा ना-नफा-ना-तोटा बिंदू झाला. राबवताना होणारी गळती आणि अनपेक्षित खर्च लक्षात घेऊन मंजुरीची रेषा त्याच्या बरीच वर, म्हणजे 100 मागे 5 भेटींवर ठरवली जाते. 3 पेक्षा कमी भेटी वाचल्या तर योजना सोडायची, 5 किंवा अधिक वाचल्या तर सर्वत्र न्यायची आणि मधल्या पट्ट्यात निकाल आला तर दोष शोधून, दुरुस्ती करून एकदाच पुन्हा चाचणी घ्यायची, असे लेखी ठरते. ‘एकदाच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसेल तर मधल्या पट्ट्यातील चाचण्या वर्षानुवर्षे चालू राहतात.

या मुख्य निकषाच्या जोडीला प्रक्रियेचे एकदोन निकष ठेवतात. येथे किमान 70 टक्के फोन उचलले जावेत आणि एका फोनमागे कर्मचाऱ्याचा सरासरी वेळ 4 मिनिटांपेक्षा जास्त जाऊ नये, अशा दोन अटी आहेत. निकाल चांगला किंवा वाईट का आला, हे सांगण्याचे काम या अटी करतात.

चाचणीसाठी चार विभाग आणि आठ आठवडे ठरतात, कारण तेवढ्या काळात तेथे सुमारे 3,000 भेटी होतात. त्यांतील निम्म्या रुग्णांना फोन करायचा आणि निम्म्यांना नाही, ही वाटणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे केवळ यदृच्छेने होते. विभागप्रमुखाला किंवा फोन करणाऱ्याला निवड करू दिली, तर नेहमी वेळेवर येणारे रुग्णच फोनच्या गटात जमा होण्याचा धोका असतो. विभागही उत्साही प्रमुखांचे न घेता सर्वसाधारण कामाचे घ्यावे लागतात. निवडलेल्या उत्तम जागी योजना यशस्वी झाली, तर इतर ठिकाणी काय होईल हे त्यातून कळत नाही.

समजा, आठ आठवड्यांनंतर फोन केलेल्या 1,500 पैकी 233 भेटी चुकल्या, म्हणजे 15.5 टक्के, फोन न केलेल्या 1,500 पैकी 288 चुकल्या, म्हणजे 19.2 टक्के. फरक 3.7 आहे. याच विभागांत आधीच्या तिमाहीत 23 टक्के भेटी चुकल्या होत्या. तुलनेचा गट ठेवला नसता, तर 23 वरून 15.5 वर म्हणजे साडेसात टक्क्यांची घट दिसली असती, मंजुरीची रेषा सहज ओलांडली गेली असती आणि साठही विभागांचा खर्च मंजूर झाला असता. प्रत्यक्षात त्या घटीचा निम्म्याहून अधिक भाग फोनशिवायही झाला होता. ऋतुमानामुळे असो की अन्य कारणाने, तो योजनेच्या खात्यावर लिहिता येत नाही. आधीच्या व नंतरच्या आकड्यांची नुसती तुलना करून घेतलेले निर्णय फसतात ते बहुधा येथेच.

3.7 हा आकडाही नेमका धरायचा नसतो. एवढ्या नोंदींवर नेहमीच्या 95 टक्के विश्वासपातळीला खरा फरक साधारण 1 ते 6.4 यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. योजना तोट्यात जाणे आणि भरघोस फायद्यात जाणे, या दोन्ही शक्यता या पट्ट्यात बसतात. नोंदी वाढवल्या तर पट्टा अरुंद होतो, पण संथपणे: तो निम्मा करायचा तर नोंदी चौपट लागतात. त्यामुळे चाचणीचा आकार सोयीने न ठरवता, कोणता फरक ओळखता यायला हवा यावरून आधी ठरवावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात आकडे अनुकूल दिसले म्हणून चाचणी तेथेच थांबवणेही चूक आहे. आकडे खालीवर होतच असतात आणि हवा तो क्षण येईपर्यंत पाहत राहिले, तर तो बहुधा येतो.

या उदाहरणात निकाल मधल्या पट्ट्यात आला आणि फोन उचलले जाण्याचे प्रमाण 62 टक्केच निघाले. वेळेची अट मात्र पाळली गेली. न उचललेल्या फोनांपैकी बहुतेक दुपारचे असल्याचे नोंदींतून दिसते. म्हणून ठरल्याप्रमाणे एक दुरुस्ती करून, म्हणजे संध्याकाळी दुसरा फोन करून, पुढची चाचणी घेतली जाते. तिच्यासाठी दुसरे विभाग आणि जास्त भेटी घेतल्या जातात; दुसऱ्या फोनमुळे वाढणारा खर्च धरून ना-नफा-ना-तोटा बिंदू आणि मंजुरीची रेषा ही दोन्ही चाचणीआधीच पुन्हा काढली जातात.

चाचणी यशस्वी झाली तरी ती एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही: प्रमाण वाढल्यावर साधनांचा दर्जा टिकेल का? अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 पासून झालेल्या ‘स्टार’ प्रयोगात प्राथमिक वर्गांतील विद्यार्थिसंख्या 13 ते 17 वर आणल्यास गुण वाढतात, असे दिसून आले. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने वर्ग लहान करण्याचे धोरण राज्यभर एकदम लागू केले. त्यासाठी थोड्या काळात हजारो नवे शिक्षक नेमावे लागले आणि पूर्ण पात्रता नसलेल्या शिक्षकांचे प्रमाण वाढले. प्रयोगात वर्ग थोडे होते, म्हणून शिक्षक मिळवण्याची ही अडचण तेथे दिसणे शक्यच नव्हते. म्हणूनच चाचणीच्या आराखड्यात पूर्ण योजनेत सर्वांत दुर्मीळ ठरणारे साधन कोणते हे आधीच नोंदवतात, आणि शक्य असेल तेथे चाचणीतही ते साधन पूर्ण योजनेत मिळेल तेवढेच व तशाच दर्जाचे वापरतात. वरील उदाहरणात ते साधन म्हणजे फोन करणारे कर्मचारी होत. चाचणीत दोन अनुभवी कर्मचारी नेमले आणि पुढे साठ विभागांसाठी नवखी माणसे घेतली, तर 3.7 हा आकडा पुढे टिकेल असे गृहीत धरता येत नाही.