आचारी फक्त पैशासाठीच सोडून जातो?

"दोन हजार जास्त दिले की आचारी पळतोच, आपण काही केलं तरी," असं हॉटेलमालक म्हणतात.

पगार हे कारण असतंच, पण बहुतेकदा शेवटचं. वही काढा. गेल्या दोन वर्षांत कोण कधी गेलं ते लिहा आणि शेजारी त्याच्या आधीच्या महिन्यात काय झालं तेही लिहा: पगार लांबला का, सुट्टी रद्द झाली का, रजा नाकारली का. तारखा गणपतीच्या आसपास किंवा मे महिन्याच्या गर्दीनंतर साचल्या असतील, तर दुखणं पगाराचं नाही.

मालवणातलं खानावळवजा हॉटेल घ्या. आचारी सकाळी आठला मासे साफ करायला येतो, दुपारी साडेतीनला सुटतो, सातला परत, रात्री साडेअकराला मोकळा. मधल्या वेळेत घरी जाऊन येणं जमत नाही, म्हणजे दिवस साडेपंधरा तासांचा. सुट्टी मिळत नाही, कारण खोबऱ्या-मसाल्याचं वाटप त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही.

म्हणून आधी मदतनिसाला वाटप आणि माशांचं तिखलं शिकवा. मग मंगळवारची सुट्टी खरोखर देता येते. गणपतीची रजा जूनमध्येच लिहून द्या. कोकणातला माणूस त्या दिवसांत घरी जाणारच. रजा नसेल तर नोकरी सोडून.

मात्र पगार शेजारच्या हॉटेलांपेक्षा बराच कमी असेल, तर आधी तो वाढवावा लागेल.